शुभेच्छेला आभार, नमस्काराला आशीर्वाद



नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांतील घराघरांचे आजचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. मुले शिकली, कर्तृत्ववान झाली आणि पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर अशी पांगली. काही सातासमुद्रापार गेली. वाड्यात किंवा सदनिकेत राहिले ते आई-वडील. त्यांचा आणि मुलांचा धागा आता मुख्यतः दूरध्वनीवर टिकून आहे. वर्षभरातील इतर फोन मागेपुढे होतात, परंतु आई-वडिलांच्या वाढदिवसाचा फोन सहसा कुणी चुकवत नाही. तरीही तो ठेवल्यावर दोन्हीकडे काहीतरी राहून गेल्याची जाणीव उरते. असे का होते आणि त्याचे मूळ फोनच्या पहिल्या वाक्यात कसे असते, एवढाच आजचा विषय आहे.

प्रथम नेहमीचा फोन ऐकावा.

"हॅलो आई, हॅपी बर्थ डे!"
"हो रे बाळा. थँक्यू."
"कशी आहेस?"
"बरी आहे."
"गोळ्या घेतल्यास का?"
"घेतल्या. तुम्ही सगळे बरे आहात ना? बरं, ठेवते. बिल वाढेल तुझं."

यात कुणाचे काही चुकले असे दिसत नाही. मुलाला आठवण होती, आईला आनंद झाला. पण एका मिनिटाच्या आत संभाषण संपले आणि ते आईने संपवले. बिलाचे कारण खरे मानण्याचे काही कारण नाही. आज महिन्याचे पैसे एकदा भरले की कितीही वेळ बोलता येते, हे आईलाही ठाऊक असते. बोलण्यासारखे काही उरले नाही, हे मुलाला न दुखवता सांगण्याची ती एक रीत आहे. 'बिल वाढेल', 'तुला ऑफिसला उशीर होईल', 'हे घे, यांच्याशी बोल' ही तीन वाक्ये पहिल्या मिनिटातच ऐकू आली, तर प्रारंभ फसला असे खुशाल समजावे.

पहिले वाक्य उत्तराची जागा आखते

दूरध्वनीवरील संभाषणाच्या प्रारंभाचा शास्त्रशुद्ध अभ्यास झाला आहे. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने एका पोलीस तक्रार कक्षाशी झालेल्या सुमारे पाचशे दूरध्वनी संभाषणांचे केवळ प्रारंभ तपासले आणि त्यावरील लेख १९६८ साली प्रसिद्ध केला. पुढे १९७३ मध्ये त्याने हार्वे सॅक्स या सहकाऱ्यासह एक साधा वाटणारा सिद्धांत मांडला. माणसाची वाक्ये सुटी येत नाहीत, जोडीने येतात. प्रश्नाला उत्तर, अभिवादनाला अभिवादन, निमंत्रणाला होकार किंवा नकार. जोडीतील पहिले वाक्य उच्चारले गेले की दुसऱ्याने काय बोलावे याची जागा आखली जाते. त्या जागेबाहेरचे बोलायला वेगळे धैर्य लागते आणि वृद्ध माणूस मुलाच्या कामाच्या वेळेत ते धैर्य करत नाही.

हा नियम वरच्या फोनला लावून पाहावा. 'हॅपी बर्थ डे' याची जोडी 'थँक्यू' ही आहे. 'कशी आहेस' याची जोडी 'बरी आहे'. 'गोळ्या घेतल्यास का' याची जोडी 'घेतल्या'. आईला बोलायला मिळालेल्या तिन्ही जागा एकेका शब्दाच्या होत्या. तिने त्या प्रामाणिकपणे भरल्या आणि ती थांबली.

आपल्या घरांची जुनी जोडी निराळी होती. थोरांच्या वाढदिवसाला धाकट्यांनी शुभेच्छा देण्याची रीत मराठी घरात फार जुनी नाही. त्या दिवशी औक्षण होई, गोडाचे काही होई आणि धाकटे वाकून नमस्कार करत. देणारे थोर असत, घेणारे धाकटे असत. नमस्काराची जोडी आशीर्वाद आहे. म्हणून "आई, नमस्कार करतो" असे म्हटले की पलीकडून "औक्षवंत हो, सुखाचा राहा" असे येते. त्या क्षणी आई शुभेच्छा घेणारी राहत नाही, देणारी होते. ऐंशीच्या घरातील माणसाला त्याच्याकडून अजून काही घेण्यासारखे आहे, हे सांगणारे याहून लहान वाक्य सापडणार नाही.

एक जूनचा वाढदिवस

परंतु त्यापूर्वीचा प्रश्न असा की, आपण फोन करतो तो दिवस तरी त्यांचा असतो का?

मराठवाड्यातील, किंबहुना साऱ्या ग्रामीण महाराष्ट्रातील त्या पिढीच्या असंख्य लोकांची जन्मतारीख कागदोपत्री १ जून आहे. त्यांचा जन्म घरी झाला, त्याची नोंद कुठेच झाली नाही. जून महिन्यात मुलाला शाळेत घालताना गुरुजींनी अंगलट पाहून वय ठरवले आणि तेवढी वर्षे मागे जाऊन १ जून लिहून टाकला. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो सरकारी कर्मचारी आधीच्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे रोजी शाळांतून आणि कचेऱ्यांतून एकाच दिवशी कितीतरी लोक निवृत्त होताना दिसतात, ते या गुरुजींच्या लेखणीमुळेच. पुढे हीच तारीख आधार कार्डावर आली आणि तिथून मुलांच्या मोबाईलमध्ये गेली. मोबाईल दर वर्षी १ जूनला आठवण देतो, मुलगा फोन करतो आणि आई 'थँक्यू' म्हणते. तिच्या मनातला वाढदिवस मात्र पंचांगातल्या एखाद्या तिथीला, कुणाला न सांगता, येऊन जातो.

तो दिवस शोधता येतो. त्यासाठी तारीख विचारून उपयोग नसतो, घटना विचारावी लागते. सण कोणता होता? शेतात काय उभे होते? कोणत्या मोठ्या गोष्टीच्या मागेपुढे जन्म झाला? मराठवाड्याच्या स्मरणात रझाकारांचा काळ आहे, पोलीस कारवाई आहे, १९७२ चा दुष्काळ आहे. या खुणांना सणाची जोड मिळाली की जुन्या पंचांगात दिवस नेमका सापडतो.

एक घर, एक फोन

उदाहरणादाखल नांदेडातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. त्याला नाव देण्याचे कारण नाही, कारण असे घर मराठवाड्यात शोधत फिरावे लागत नाही. आईचे माहेर औसा तालुक्यातले. कागदावरची जन्मतारीख १ जून १९४८. धाकटा मुलगा पुण्यात नोकरीला. तो दर वर्षी १ जूनला फोन करतो आणि तो फोन वर सांगितल्याप्रमाणे मिनिटभरात संपतो.

एका लग्नात मावशीच्या बोलण्यात सहज येऊन गेले की, आईचा जन्म घरचे सगळे रझाकारांच्या धास्तीने बार्शीला जाऊन राहिले होते तेव्हाचा, विसर्जनाच्या दिवशीचा, आणि त्याच दिवशी निजाम शरण आल्याची बातमी आली. एवढे पुरेसे होते. हैदराबादवरील पोलीस कारवाई १३ सप्टेंबर १९४८ ला सुरू झाली आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्या दिवशी भाद्रपद शुद्ध चतुर्दशी होती, म्हणजे अनंत चतुर्दशी. आईचा जन्मदिवस कागदापेक्षा साडेतीन महिन्यांनी पुढे सरकला आणि मराठवाडा मुक्तिदिनावर येऊन थांबला.

यात आणखी एक मौज आहे. चांद्रमास आणि सौर वर्ष यांचा मेळ साधारण एकोणीस वर्षांनी बसतो. एखाद्या दिवसाचा फरक कधी पडतो, परंतु बहुधा जन्मतिथी आणि जन्मतारीख एकोणिसाव्या, अडतिसाव्या, सत्तावन्नाव्या आणि शहात्तराव्या वर्षी पुन्हा एकत्र येतात. त्याप्रमाणे २०२४ साली १७ सप्टेंबरलाच अनंत चतुर्दशी आली. आईला त्या दिवशी शहात्तर वर्षे पूर्ण झाली. मुलाने त्या वर्षी १ जूनला नेहमीचा फोन केला आणि खरा फोन १७ सप्टेंबरसाठी राखून ठेवला.

वेळही त्याने विचार करून निवडली. रात्री बाराचा ठोका त्याने टाळला. ट्रंक कॉल आणि तार यांच्या काळात वाढलेल्या माणसाच्या मनात रात्रीच्या घंटीचा अर्थ एकच असतो, कुणाचे तरी वाईट झाले. शिवाय आपल्याकडे दिवस सूर्योदयाने सुरू होतो. संध्याकाळी मिरवणुकीचे ढोल वाजणार, तेव्हा आईला काही ऐकू येणार नाही. म्हणून स्नान-पूजा आटोपल्यावर आणि नैवेद्याच्या स्वयंपाकाची घाई लागण्यापूर्वी, सकाळी आठच्या सुमारास त्याने फोन लावला. घंटी पुरेशी वाजू दिली, कारण आईला देवघरातून उठून यायला वेळ लागतो.

"आई, मी बोलतोय, धाकटा. सगळं ठीक आहे. नमस्कार करतो."
"औक्षवंत हो रे. आज सकाळीच कसा काय?"
"आज अनंत चतुर्दशी ना. मावशी म्हणाली, तू जन्मलीस त्या दिवशी आजोबा विसर्जनाला गेले आणि निजाम शरण आल्याची बातमी घेऊन परत आले."

पलीकडे शांतता पसरली. मुलगा थांबला. या थांबण्यालाच सर्वांत अधिक जपावे लागते. वृद्ध माणसाला ऐकलेले मनात पोचायला आणि शब्द जुळवायला आपल्यापेक्षा अधिक अवधी लागतो. आपण ती शांतता दुसऱ्या प्रश्नाने भरून काढली, तर पहिल्या वाक्याने उघडलेले दार आपल्याच हाताने लोटले जाते.

"विसर्जनाला नव्हते गेले," आई म्हणाली. "तिला काय ठाऊक, ती पाळण्यातसुद्धा नव्हती तेव्हा. माझ्या आईच्या बाजेखाली शेगडी ठेवायची होती. तिला कोळसा आणायला गेले होते. कोळसा विसरले आणि बातमी घेऊन आले. आजी दोन दिवस बोलली नाही म्हणे त्यांच्याशी."

मुलाच्या वाक्यात चूक होती आणि तीच कामी आली. आईने ती दुरुस्त केली आणि दुरुस्त करता करता ती सांगणारी झाली. पहिले वाक्य बिनचूक असण्याची गरज नसते. ते तिच्याविषयीचे असावे, तिच्याच मुलाला बोलता येईल असे असावे आणि त्यात भर घालण्याचा अधिकार तिचा असावा.

मग आई म्हणाली, "त्या माणसांतलं आता कुणी नाही. औशाकडच्या घराचं जोतंसुद्धा राहिलं नाही."

१९९३ साली अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. विसर्जन करून गावे थकून झोपली आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. या आईच्या माहेरची माणसे त्यात होती. तेव्हापासून तिने आपली तिथी कुणाला सांगितली नव्हती. १ जूनला येणारे फोन ती मुकाट्याने घेत होती, कारण त्या तारखेला दुःखाचा स्पर्श नव्हता. आनंदाचाही नव्हता.

अशा वेळी मुलांच्या तोंडी ठरलेले वाक्य येते, "जाऊ दे आई, आजच्या दिवशी रडायचं नाही." हेतू चांगला असतो, पण त्या वाक्याची जोडीही ठरलेली असते, "हो बाबा, नाही रडत." आणि फोन बंद होतो. या मुलाने तसे केले नाही. त्याने विचारले, "माळवदावर चढायचा जिना ओसरीतून होता ना?" आई त्या जिन्यावरून चढत गेली. वाळत घातलेल्या कुरडया, उन्हाळ्यातल्या रात्री, भाऊ, भावजय असे एकेक उलगडत गेले. ती थोडी रडली आणि थोडी हसली. फोन पंचवीस मिनिटे चालला. गोळ्यांचा विषय निघाला नाही. तो दुसऱ्या दिवशीच्या फोनवर निघाला आणि तिथे तो शोभला.

आवाज, कान आणि विस्मरण

पहिले वाक्य कितीही चांगले असले तरी ते ऐकू गेले पाहिजे. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात प्रथम उंच पट्टीतील ध्वनी जातात. आवाज येतो, पण 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने पुसट होतात आणि शब्द ओळखू येत नाहीत. अशा वेळी ओरडण्याने शब्द अधिकच फाटतो. आवाज थोडा खाली आणावा, वेग कमी करावा आणि वाक्य लहान ठेवावे. कुणाचा आवाज हे ओळखण्याची परीक्षा घेऊ नये, आपले नाव प्रथम सांगावे. नातवंडांनी स्पीकरवर एकदम म्हटलेले गाणे आपल्याला गोड वाटते, पण आजीच्या कानाला तो कोलाहल असतो. नातवंडाला नंतर, एकट्याला, फोन द्यावा.

लातूरला राहणारे निवृत्त शिक्षक वडील असतील, तर दार वेगळे असते. भावनेच्या वाक्याने असे वडील संकोचतात आणि "हे घे, आईशी बोल" म्हणून फोन पुढे करतात. त्यांना त्यांच्या अधिकाराच्या जागी भेटावे. "अण्णा, नमस्कार करतो. तुम्ही नातवाला त्रैराशिक शिकवायला सुरुवात कशी कराल?" असे विचारले, तर अण्णा फोन दुसऱ्याच्या हाती देणार नाहीत. प्रश्न मात्र खरा हवा. उत्तर आधीच ठाऊक असलेला प्रश्न चाळीस वर्षे मुले शिकवलेल्या माणसाला लगेच ओळखू येतो.

ज्यांना विस्मरणाचा विकार जडला आहे, त्यांच्याशी बोलताना 'आठवतं का' हा शब्दप्रयोग कटाक्षाने टाळावा. तो प्रश्न त्यांना परीक्षेसारखा वाटतो आणि त्यात नापास होण्याची भीती त्यांना गप्प करते. विचारण्याऐवजी सांगावे. "आई, मी धाकटा. तू केलेल्या धपाट्यांचा वास आज सकाळपासून येतोय मला." यावर तिने काहीच आठवून सांगितले नाही तरी चालते. आवाजातला जिव्हाळा तिला पोचलेला असतो.

वाक्याची मर्यादा

शेवटी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. वर्षभर अबोला आणि त्या दिवशी जिव्हाळ्याचे वाक्य, हे आई-वडिलांना फसवू शकत नाही. त्याहूनही वाईट म्हणजे आठवणीने सुरू झालेला फोन दहाव्या मिनिटाला सातबाऱ्यावर, घराच्या वाटणीवर किंवा सहीच्या कागदावर येणे. ते काम आवश्यक असेलही, पण त्यासाठी वर्षाचे उरलेले दिवस आहेत. एकदा जरी असे घडले, तरी पुढच्या वाढदिवसाला "आई, नमस्कार करतो" हे शब्द ऐकताच ती आशीर्वाद देण्यापूर्वी क्षणभर थांबेल. आता काय मागायचे आहे, असा विचार तिच्या मनात येईल. तो क्षण पुसून काढायला अनेक वर्षे लागतात, आणि शहात्तर वर्षांच्या माणसाकडे अनेक वर्षे असतातच असे नाही.

नांदेडच्या त्या आईची तिथी २०२५ साली ६ सप्टेंबरला आली. एकोणीस वर्षांचा मेळ सरला होता, तारीख आणि तिथी पुन्हा दूर गेल्या होत्या. मोबाईलने त्या दिवशी काही सुचवले नाही. सकाळी आठला मुलाने फोन लावला आणि या वेळी पहिले वाक्य आईनेच उच्चारले, "मला वाटलंच तू करशील. बैस, त्या कोळशाची पुढची गोष्ट तुला सांगायची राहिली आहे."